लग्नाच्या जेवणाचे टिपण

पनवेलहून निघालेल्या पुण्याच्या रस्त्याला जेथे गोव्याकडे जाणारा फाटा फुटतो, तेथे पळस्पे हे गाव आहे. पूर्वी अशा गावांत लग्न निघाले की शेजारीपाजारी आणि सोयरेधायरे जमत, चुली मांडल्या जात, आणि घरचीच माणसे पंगतीला वाढत. भात किती शिजवायचा, आमटी किती करायची, हे जाणती माणसे अनुभवाने सांगत. आता बहुतेक घरी जेवणाचे काम केटररकडे सोपवले जाते. काम सोपवले म्हणजे काळजी संपली असे मात्र होत नाही. काय शिजवायचे, किती माणसांसाठी शिजवायचे, त्याचे पैसे किती आणि ते केव्हा द्यायचे, या चार गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच समजलेल्या असाव्या लागतात. हे सगळे ठरते ते बहुधा दूरध्वनीवरच्या एका लांबलचक बोलण्यात. बोलणे वाऱ्यावर विरून जाते. म्हणून त्याचे टिपण करून ठेवावे लागते.

पळस्प्यातील एका घराचे उदाहरण घेऊ. त्या घरातील थोरल्या मुलीचे लग्न रविवार, २२ फेब्रुवारी रोजी ठरले होते. बुधवारी, ७ जानेवारीला, सायंकाळी पनवेलच्या एका केटररचा फोन आला. मुलीचे वडील जवळजवळ अर्धा तास त्याच्याशी बोलत होते. आवाज सर्वांना ऐकू यावा अशी योजना केली होती. आजी पलंगावर बसून ऐकत होती, आई स्वयंपाकघरातून ये-जा करत होती, आणि सातवीत शिकणारी धाकटी मुलगी वही घेऊन वडिलांजवळ बसली होती.

फोन संपल्यावर मोठी मौज झाली. आई म्हणाली, “श्रीखंड ठरले ना?” आजी म्हणाली, “छे, जिलेबी ठरली.” दादाने विचारले, “साडेतीनशे रुपये पान? फार होतात!” वडील म्हणाले, “साडेतीनशे रुपये नव्हेत रे, साडेतीनशे पाने!” एकाच बोलण्याला चार माणसे हजर होती आणि चौघांच्या मनात चार निरनिराळ्या गोष्टी राहिल्या होत्या. त्या बोलण्यावर घरातील लाख-सव्वा लाख रुपये अवलंबून होते. शिवाय आजीच्या मनात एक जुनी आठवण होती. नात्यातील एका लग्नात पाने कमी धरली गेली आणि शेवटच्या पंगतीला नुसता भात व आमटी वाढावी लागली. जेवणाऱ्यांनी तक्रार केली नाही. परंतु यजमानाची मान खाली गेली ती गेलीच.

धाकटीने वहीत काय लिहिले होते ते पाहू. तिने सगळे बोलणे शब्दशः उतरवले नव्हते. तसे करणे शक्यही नसते. जे कानावर पडले त्यातील मुख्य शब्द आणि प्रत्येक आकडा तिने ज्या क्रमाने ऐकला त्या क्रमाने टिपला होता. बोलण्यातील काही भाग असा होता :

“किती पाने धरू, भाऊ?”

“पावणेचारशे धरा.”

“म्हणजे चारशेच म्हणा की!”

“नको, पावणेचारशेच.”

“बरं. पानाला तीनशे वीस पडतील.”

“जरा कमी करा. घरचंच कार्य समजा.”

“तीनशे करतो. पण साडेतीनशेच्या खाली येऊ नका. आणि गोडाला श्रीखंड घ्या, छान होतं. वीस रुपये वर पडतील.”

“आमची आई म्हणते, जिलेबीच हवी. जिलेबी ठेवा.”

“जिलेबी तर जिलेबी. कुरडई चांगली मिळाली तर घालतो. भजी कांद्याची की बटाट्याची?”

“ते घरात विचारून सांगतो.”

या आठ-दहा वाक्यांत किती प्रकारची वाक्ये आहेत! काही वाक्ये नुसत्या सूचना आहेत, काही नकार आहेत, काही अटी आहेत, आणि काहींत खरोखर काही ठरले आहे. टिपण करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे हे प्रकार वेगळे करणे. एका बाजूने प्रस्ताव यावा आणि दुसऱ्या बाजूने तो स्पष्टपणे मान्य व्हावा, तेव्हाच गोष्ट ठरली असे समजावे. श्रीखंडाचा प्रस्ताव केटररने मांडला, तो वडिलांनी मान्य केला नाही. म्हणून श्रीखंड बोलण्यात आले तरी टिपणात ‘ठरलेले’ म्हणून येऊ शकत नाही. आईने फक्त केटररचे वाक्य ऐकले आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिची चूक येथेच झाली. जिलेबीची गोष्ट उलट आहे. वडिलांनी ती मागितली आणि केटररने “जिलेबी तर जिलेबी” असे म्हणून ती पत्करली. जिलेबी ठरली.

कुरडईचे काय? “चांगली मिळाली तर घालतो” यात ‘तर’ हा शब्द आहे. तो फार लहान आहे. पण लग्नाच्या दिवशी ताटात कुरडई दिसली नाही, तर केटरर याच शब्दाकडे बोट दाखवील. म्हणून कुरडई ठरलेल्या पदार्थांत लिहायची नाही. ती राहिलेल्या प्रश्नांत लिहायची. भज्यांचेही तसेच. भजी हवीत हे नक्की, कोणती हवीत हे मात्र घरच्यांनी सांगायचे आहे.

आता आकड्यांकडे वळू. मराठीत संख्या बोलण्याची रीत गोड आहे, परंतु ऐकणाऱ्याने सावध नसावे तर ती फसवते. ‘पावणेचारशे’ म्हणजे चारशेला पाव शेकडा कमी, अर्थात ३७५. ‘सव्वाचारशे’ म्हणजे चारशेहून पाव शेकडा अधिक, अर्थात ४२५. दोन्ही शब्दांत ‘चारशे’ आहे. गडबडीत ऐकणारा एकाच्या जागी दुसरा लिहून बसतो. या एका चुकीने पन्नास पाने वाढली असती, आणि तीनशे रुपये दराने १५,००० रुपये अधिक मोजावे लागले असते. म्हणून धाकटीने आकडा ऐकताच तो अंकांत लिहिला आणि समोर अक्षरांतही लिहिला : ‘३७५, तीनशे पंचाहत्तर’. केटरर थट्टेने “चारशेच म्हणा की” म्हणाला, त्यामुळे तर हे लिहिणे अधिकच आवश्यक होते. थट्टेतला आकडा उद्या हिशेबात येऊ नये.

दादाची चूक वेगळ्या जातीची होती. त्याने ‘साडेतीनशे’ हा आकडा बरोबर ऐकला. परंतु तो आकडा कशाचा आहे हे त्याच्या ध्यानात राहिले नाही. केटररच्या बोलण्यात नुकतीच रुपयांची गोष्ट चालली होती, म्हणून दादाने साडेतीनशेही रुपयेच समजले. वास्तविक ती अट होती. पाने कितीही कमी झाली तरी निदान ३५० पानांचे पैसे द्यावे लागतील, असा तिचा अर्थ. केटरर अशी अट घालतात याचे कारण उघड आहे. किराणा, भाजी, दूध ही सर्व आगाऊ घेतली जातात, आचारी व वाढपी यांना आधीच सांगून ठेवलेले असते. माणसे कमी आली तरी तो खर्च कमी होत नाही. यावरून धाकटीने एक नियम ध्यानात ठेवला : वहीत कोणताही आकडा एकटा उभा करायचा नाही. त्याच्यापुढे ‘पाने’, ‘रुपये’ किंवा ‘तारीख’ असा शब्द लिहायचाच.

‘पान’ या शब्दाचाही अर्थ एकदा पक्का करून घ्यावा लागतो. पूर्वी केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर जेवण वाढत असत, म्हणून जेवणाऱ्यांची संख्या पानांवरून मोजली जाई. आज ताटे आली, तरी शब्द तोच राहिला आहे. प्रश्न असा की पान धरायचे ते कोणाकोणाचे? गाड्यांचे चालक, बँडवाले, छायाचित्र काढणारे, हे सर्व जेवणारच. वडिलांनी सांगितलेल्या ३७५ मध्ये ते धरले आहेत काय, असे आजीने विचारले, तेव्हा कळले की ते धरलेलेच नाहीत. निमंत्रणपत्रिका किती वाटल्या यावरूनही पाने कळत नाहीत; एका पत्रिकेवर कोठे दोन माणसे येतात, कोठे सहा. म्हणून केटररने अंतिम संख्या कळवण्यास मुदत दिली होती, आणि त्या मुदतीपर्यंत घराघराची यादी करणे हे घरच्यांचे काम होते.

कार्य झाल्यावर पाने किती झाली हे कसे ठरवायचे, हेही केटररने बोलण्याच्या शेवटी सांगितले होते. जेवण सुरू होण्यापूर्वी आणलेली ताटे दोन्ही बाजूंच्या माणसांनी मोजायची, शेवटी न वापरलेली ताटे मोजायची, आणि पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा. पाच वर्षांखालील मुलांनी वेगळे ताट घेतले नाही, तर त्यांचे पान धरायचे नाही. ही गोष्ट टिपणात आली नाही, तर लग्नाच्या दिवशी दमलेली माणसे “तुमचे इतके झाले, आमचे इतके झाले” असे वाद घालत बसतात.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो दिवसांचा. केटरर म्हणाला होता, “बयाणा पुढच्या रविवारी द्या, आणि दुसरा हप्ता लग्नाच्या आठ दिवस आधी.” बुधवारी बोललेला ‘पुढचा रविवार’ कोणता? कोणी म्हणेल चार दिवसांनी येणारा, म्हणजे ११ जानेवारी. कोणी म्हणेल तो ‘येता’ रविवार, आणि ‘पुढचा’ म्हणजे त्याच्या नंतरचा, १८ जानेवारी. दोन्ही अर्थ लोकांच्या बोलण्यात आहेत. ‘आठ दिवस’ या शब्दांचीही तीच गत. बोलताना आपण आठवड्यालाच आठ दिवस म्हणतो. आठवडा धरला तर रविवार १५ फेब्रुवारी येतो. बोटांवर आठ दिवस मोजले तर शनिवार १४ फेब्रुवारी येतो. म्हणून टिपणात ‘उद्या’, ‘परवा’, ‘पुढच्या आठवड्यात’ असे शब्द ठेवायचे नसतात. दिनदर्शिका समोर घेऊन त्यांच्या जागी वार आणि तारीख लिहायची, आणि शंका असेल तेथे विचारून घ्यायचे. धाकटीने या दोन तारखांसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

मग तिने वहीतील कच्ची टिपणे चार भागांत लावली : पदार्थ, पाने, खर्च आणि पैसे देण्याच्या तारखा. जे या चारांपैकी कोठेही पक्के बसले नाही, त्याला पाचवा भाग दिला : राहिलेले प्रश्न. हा पाचवा भाग नसता, तर कुरडई आणि भजी एकतर विसरली गेली असती, किंवा ठरली म्हणून खोटीच लिहिली गेली असती. खर्च मांडताना तिने नुसती बेरीज लिहिली नाही. प्रत्येक रक्कम कशी आली तेही लिहिले, म्हणजे संख्या बदलली की हिशेब पुन्हा करता यावा. केटररने करही सांगितला होता : शेकडा ५. दर सांगताना कर त्यात धरला आहे की तो वर पडणार आहे, हे वडिलांनी विचारले होते, आणि तो वर पडणार असल्याचे उत्तर मिळाले होते. हा प्रश्न विचारला नसता तर शेवटी सहा हजारांच्या आसपासचा फरक अवचित समोर आला असता.

टिपण तयार झाल्यावर वडिलांनी केटररला पुन्हा फोन केला आणि ते सावकाश वाचून दाखवले. पाच मिनिटांत शंका फिटल्या. बयाण्याची तारीख ११ जानेवारी निघाली, दुसऱ्या हप्त्याची १५ फेब्रुवारी. वाचता वाचता केटररलाच एक गोष्ट आठवली, ती म्हणजे गाडीभाडे. आणि एक गोष्ट कोणीच बोलले नव्हते असे आढळले, ती म्हणजे पिण्याचे पाणी. मग तेच टिपण वडिलांनी केटररला लिहून पाठवले, आणि त्याचे “बरोबर आहे” असे लेखी उत्तर आले. तोवर ते एका बाजूचे स्मरण होते. उत्तर आल्यावर ते दोन्ही बाजूंचा ठराव झाले. ते टिपण असे होते :

लग्नाच्या जेवणाचे टिपण
(बुधवार, ७ जानेवारीच्या बोलण्यावरून, त्याच रात्री केटररला वाचून दाखवले व मान्य झाले.)

१. पदार्थ (रविवार, २२ फेब्रुवारी)
सकाळचा नाश्ता : उपमा, शिरा, चहा.
दुपारचे जेवण : वरण, साधा भात, तूप, मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, चटणी, लोणचे, पापड, भजी, जिलेबी, मठ्ठा.

२. पाने
नाश्ता ८० माणसांचा. जेवण ३७५ (तीनशे पंचाहत्तर) पानांचे. अंतिम संख्या १५ फेब्रुवारीपर्यंत कळवायची. निदान ३५० पानांचे पैसे द्यावे लागतील. ताटे दोघांनी मिळून मोजायची. पाच वर्षांखालील मुलांनी वेगळे ताट न घेतल्यास पान धरायचे नाही.

३. खर्च
जेवण : ३७५ पाने, दर ३०० रुपये = १,१२,५०० रुपये.
नाश्ता : ८० माणसे, दर ६० रुपये = ४,८०० रुपये.
गाडीभाडे : २,५०० रुपये.
बेरीज : १,१९,८०० रुपये. त्यावर शेकडा ५ कर : ५,९९० रुपये.
एकूण : १,२५,७९० रुपये. वाढप्यांची मजुरी दरातच धरली आहे.

४. पैसे देण्याच्या तारखा
रविवार, ११ जानेवारी : बयाणा २५,००० रुपये. पावती घ्यावी.
रविवार, १५ फेब्रुवारी : ५०,००० रुपये.
सोमवार, २३ फेब्रुवारी : ताटांच्या मोजणीप्रमाणे उरलेली रक्कम, ३७५ पाने झाल्यास ५०,७९० रुपये.

५. राहिलेले प्रश्न
भजी कांद्याची की बटाट्याची : आई रविवारपर्यंत सांगेल.
कुरडई मिळेल की नाही : केटरर १५ फेब्रुवारीपर्यंत कळवील.
पिण्याचे पाणी कोणी आणायचे : वडील कार्यालयात विचारतील.
चालक, बँडवाले व छायाचित्रकार यांची संख्या : दादा काढील.

या टिपणात श्रीखंडाचे नाव नाही, ३२० रुपयांचा पहिला दर नाही, आणि “घरचंच कार्य समजा” हे वाक्यही नाही. ते सर्व बोलले गेले, परंतु त्यातून काही उरले नाही. उलट ‘निदान ३५०’ हा आकडा बोलण्यात एकदाच ओझरता आला होता, तरी तो टिपणात आहे. कारण त्यावर पैसे अवलंबून आहेत. अर्ध्या तासाचे बोलणे एका पानावर आणताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याची कसोटी बोलण्याची लांबी ही नव्हे. ज्या गोष्टीवरून उद्या कोणाला काही करावे लागेल, द्यावे लागेल किंवा विचारावे लागेल, ती ठेवायची. राहिलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कोणाचे तरी नाते लिहिले आहे, तेही याचसाठी. ‘विचारायचे आहे’ एवढेच लिहिले असते, तर प्रत्येकाला वाटले असते की दुसरा कोणी विचारील.

लग्नापूर्वी असे लिहून ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. दोन्ही घरांनी एकत्र बसून देण्याघेण्याच्या आणि खर्चाच्या ‘याद्या’ करण्याची चाल जुनी आहे. १७८३ मध्ये पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचा विवाह झाला, तेव्हा नाना फडणवीसांनी त्या कार्याची बारीकसारीक व्यवस्था लेखी लावून दिली होती. पेशव्यांचे कार्य आणि पळस्प्यातील एका घरचे कार्य यांत अंतर पुष्कळ. परंतु तोंडी बोलणे कागदावर उतरवावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

टिपण एकदा लिहिले म्हणजे कायमचे झाले असेही नाही. त्या घरात ते भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी लावले गेले. चार दिवसांनी बयाणा दिला, तेव्हा धाकटीने त्या ओळीपुढे ‘दिले’ असे लिहून तारीख घातली. आईने बटाट्याची भजी सांगितली, तेव्हा प्रश्नाची ओळ एका रेघेने खोडून पदार्थांत दुरुस्ती केली. जुना मजकूर वाचता येईल असाच ठेवला, म्हणजे काय बदलले आणि केव्हा बदलले ते कोणालाही दिसावे. आणि पदार्थ किंवा संख्या बदलली की तेवढा बदल केटररलाही लगेच लिहून कळवला. १५ फेब्रुवारीला दादाने चालक आणि बँडवाले मिळून पंधरा माणसे सांगितली, आणि अंतिम संख्या ३९० कळवली गेली.

लग्नाच्या दिवशी शेवटच्या पंगतीला आजी मुद्दाम उभी राहिली. वाढपी जिलेबीचे ताट घेऊन आला, त्याच्यामागे मसालेभात आला, मठ्ठा आला. बँडवाले पोटभर जेवले. मग आजी स्वतः पानावर बसली.

स्वाध्याय

१. श्रीखंड बोलण्यात आले, तरी टिपणात का आले नाही?
२. ‘पावणेतीनशे’, ‘सव्वादोनशे’ आणि ‘साडेपाचशे’ या संख्या अंकांत लिहा.
३. जेवणाची अंतिम संख्या ३९० धरून एकूण खर्च आणि शेवटच्या हप्त्याची रक्कम काढा.
४. प्रत्यक्षात ३४० पानेच झाली असती, तर जेवणाचे किती रुपये द्यावे लागले असते? कारण सांगा.
५. घरातील एखादे बोलणे ऐका आणि त्यातील ‘ठरलेले’, ‘राहिलेले’ व ‘सोडून दिलेले’ असे तीन भाग करा.